रात्रयुद्धाचे सेनापती

रात्री साडेअकरानंतर आमच्या मजल्यावर टाळी वाजली तर ती भजनाची नसते, हे नव्या भाडेकरूलाही आठवड्याभरात कळतं. एक टाळी, मग शांतता, मग पलंग सरकल्याचा आवाज, आणि भिंतीपलीकडून खर्जातली घोषणा : "निसटला! पण घायाळ होऊन निसटला!" शेजारचे अण्णा मोहिमेवर निघालेले असतात.

अण्णा भूमी अभिलेख कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर दुसऱ्यांच्या बांधांचे तंटे वाचले, पण स्वतः कुणाशी कधी हुज्जत घातली नाही. भाजीवाल्याने नासका टोमॅटो पिशवीत टाकला तरी निमूट घरी आणणारा माणूस. झुरळ दिसलं की ते माईंना हाक मारतात आणि पाल दिसली की खुर्चीवर चढतात. अंगातला सगळा वीररस बखरी आणि महाभारत वाचण्यात जिरायचा. निवृत्तीनंतर मात्र तो उतू जाऊ लागला आणि त्याला शत्रू हवा झाला. ठाण्याच्या गटारांनी तो फुकट पुरवला.

या जातीची माणसं घरोघरी असतात. त्यांना डास मारायचा नसतो, त्यांना डासाशी लढायचं असतं. म्हणून अण्णांच्या घरात डास येत नाही. गनीम गडात शिरतो. कॉइल हे अग्न्यस्त्र. रात्रभर लाल दिवा लावून चार्ज होणारी रॅकेट हे गांडीव. मच्छरदाणी म्हणजे चक्रव्यूह, फक्त आत अडकलेला अभिमन्यू नेमका कोण, ते रोज रात्री बदलतं. संध्याकाळी पालिकेची धुराची गाडी गेली की अण्णा गॅलरीतून तिला मुजरा करतात आणि लगेच खिडक्या लावून घेतात. धुराने उठलेली फौज वरच्या मजल्यांवरच चालून येते, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या घरी रंगकाम निघालं आणि मला एक रात्र त्यांच्या हॉलमध्ये झोपावं लागलं. त्यामुळे हे वर्णन ऐकीव नाही.

दिवा मालवून थोडा वेळ झाला असेल. कानाशी गुणगुण सुरू झाली.

"शंखध्वनी," अंधारातून अण्णा म्हणाले. "कानाशीच का येतो, ठाऊक आहे? आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येतो तो. श्वास सोडलास की तूच दवंडी पिटलीस."

मी श्वास धरून पाहिला. फार वेळ जमलं नाही.

"तो नव्हे, ती," अण्णांनी दुरुस्ती केली. "चावते ती मादी. अंड्यांसाठी रक्त लागतं ना. त्यांचे पुरुष लढतच नाहीत, फुलांचा रस पीत पडून असतात."

"आपल्या पक्षात काय वेगळं आहे?" आतल्या खोलीतून माई म्हणाल्या.

अण्णांनी हा बाण अंगावर घेतला नाही. मी विचारलं, भीष्मांनी स्त्रीवर शस्त्र धरलं नव्हतं, मग तुमचं कसं? अण्णा म्हणाले, "भीष्मांना मलेरिया झाला नव्हता." सूर्यास्तानंतर लढणं अधर्म नाही का, हा मुद्दाही त्यांनी आधीच निकालात काढला होता. भारतीय युद्धात चौदाव्या दिवशी मशाली पेटवून रात्रभर लढाई झालीच होती आणि घटोत्कच त्या रात्रीच पडला. एवढं बोलून त्यांनी मशाल पेटवली, म्हणजे ट्यूबलाइट लावली.

गुणगुण थांबली. उजेडात शत्रू दिसत नाही, हे या युद्धाचं मोठं दुर्दैव. पण अण्णा घाईत नव्हते. रक्त प्यालेली डासीण फार उडत नाही, ही त्यांची सगळ्यात भरवशाची हेरगिरी. स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट रक्त पोटात घेतल्यावर तिला जवळच्या भिंतीवर बसून त्यातलं पाणी बाहेर टाकावं लागतं. म्हणून हवेत टाळ्या पिटायच्या नाहीत. चावा बसला की मुकाट्याने आजूबाजूच्या भिंती आणि कपाटाची अंधारी बाजू न्याहाळायची.

"मग तुम्ही टाळ्या का वाजवता?"

"रणवाद्य हवं ना!" टाळीने डास क्वचितच मरतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तळवे जवळ येताना मधली हवा बाहेर फेकली जाते आणि डास तिच्याबरोबर अलगद बाहेर सुटतो. रॅकेटच्या जाळीतून हवा आरपार जाते, म्हणून ती सरस.

कपाटाच्या कडेला गनीम सापडला. अण्णांनी चष्मा लावून आधी त्याचं कुळ पाहिलं. अंग भिंतीला समांतर, पाठ जराशी कुबडी : म्हणजे क्युलेक्स, गटारातली पैदास. मलेरियावाली अ‍ॅनाफिलीस शेपूट वर करून तिरकी बसते. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने तिच्या पोटात मलेरियाचे परजीवी शोधले. अण्णांच्या लेखी तो आपल्या बाजूचा पहिला बहिर्जी. आणि पायांवर पांढरे पट्टे असलेली एडीस दिवसाउजेडी चावते. "धर्मयुद्धाचे नियम पाळणारी ती एकटीच," अण्णा म्हणाले, "आणि डेंग्यू तिच्याकडूनच."

एवढं होईपर्यंत शत्रू बसून होता, याचं श्रेय त्याच्या पोटाला. अण्णांनी गांडीव उचललं, बटण दाबलं. चट् झालं नाही. रॅकेटचं चार्जिंग संपलं होतं. कर्णाचं चाकही ऐन वेळीच रुतलं होतं, असं पुटपुटत त्यांनी रविवारची पुरवणी गुंडाळली आणि हाणली.

भिंतीवर लाल ठिपका उमटला.

"माझं रक्त!" अण्णा अभिमानाने म्हणाले. मी माझा कोपर दाखवला, त्यावर ताजी गांधी होती. थोडा वाद झाला. शेवटी अण्णांनी ते संयुक्त फौजांचं रक्त ठरवलं, पेन्सिलीने ठिपक्याभोवती गोल काढला आणि खाली तारीख घातली. त्या भिंतीवर असे बरेच गोल आहेत. काही वीरगळांची हद्द एकमेकांत घुसली आहे, तिथे त्यांनी नीट खुणा करून मोजणी दाखवली आहे.

गोल काढून होतो न होतो तोच दुसऱ्या कानाशी शंख वाजला. तेवढ्यात माई उठून आल्या, पंखा पाचावर केला आणि परत गेल्या. डास उडण्यात अगदी दुबळा. पंख्याच्या वाऱ्यात त्याला नेम धरून अंगावर उतरता येत नाही. मोहीम तिथेच बारगळली. "वायव्यास्त्र," अण्णा नाराजीने म्हणाले. "फार सोपं करून टाकते ही."

खरा खटका सकाळी उडाला. माईंनी फ्रिज पुढे ओढून मागचा पाण्याचा ट्रे काढला. स्वच्छ पाण्यात डोकं खाली करून अळ्या लोंबकळत होत्या. दुपारी वामकुक्षीत अण्णांच्या घोट्याला चावणाऱ्या एडीसची ही राजधानी, खुद्द गडाच्या पोटात.

"ओतते," माई म्हणाल्या.

अण्णा आडवे आले. निजलेल्या द्रौपदीपुत्रांना मारून अश्वत्थाम्याने काय मिळवलं? कपाळावरची भळभळती जखम! लेकरांवर हात टाकणं आपल्या परंपरेत बसत नाही.

"तो रानोमाळ तेल मागत हिंडतो म्हणतात," माई म्हणाल्या. "तुम्ही निदान घासणी द्या."

त्यांनी ट्रे गॅलरीत उन्हात उपडा केला आणि कडा घासायला घेतल्या. एडीसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. अण्णा फरशीवर वळवळणाऱ्या सैन्याकडे कळवळून बघत राहिले.

"अगं, आठ-दहा दिवसांत तयार झाले असते सगळे!"

"तेच म्हणते मी," माई म्हणाल्या आणि मनीप्लांटच्या बाटलीकडे वळल्या.