विल्सन पॉइंटला जा, पण मधल्या दिवशी

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की वसमतमधून गाड्या महाबळेश्वरकडे निघतात. हळद अजून शेतात उभी असते, काढणीला महिना-दीड महिना अवकाश असतो, हात थोडे मोकळे असतात. मग घरोघर एकच प्रश्न: विल्सन पॉइंटचा सूर्योदय बघायला पहाटे उठायचं का?

माझं उत्तर आहे, उठा. पण पहिल्या दिवशी नको आणि परतीच्या दिवशी तर मुळीच नको.

आम्ही पहिल्याच दिवशी गेलो होतो. पाचशेहून जास्त किलोमीटरचा रात्रभराचा प्रवास, पसरणीचा घाट अंधारात चढलो आणि तसेच थेट पॉइंटवर. पोरं गाडीतच झोपलेली. वहिनी धाकट्याला मांडीवर घेऊन काच पुसत बसल्या, त्यांना सूर्य दिसलाच नाही. खरी चूक पुढे झाली. रात्रभर गाडी चालवलेल्या दादांना आम्ही तसंच पुढच्या पॉइंटला चला म्हणालो. एका वळणावर त्यांना डुलकी लागली, गाडी साइडपट्टीवर उतरली. कुणाला लागलं नाही. पण त्या दिवसापासून मी सूर्योदयाचा हिशेब चालकाच्या झोपेपासून मांडतो. रात्री गाडी चालवलेल्या माणसाला सकाळी झोपू द्यायचं. ज्या दिवशी पाचशे किलोमीटर परत यायचंय, त्या दिवशी त्याला पहाटे उठवायचं नाही. उरतो तो मधला दिवस.

आता वेळ. लॉजवर सांगतात, साडेचारला उठा. कशाला? महाबळेश्वर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आहे. डिसेंबरअखेर वसमतला सूर्य सातला सात-आठ मिनिटं कमी असताना उगवतो, तिथे सात वाजून गेल्यावर. म्हणजे बारा-एक मिनिटं उशिरा. बाजारपेठेतून विल्सन पॉइंट गाडीने दहा मिनिटांवर. साडेसहाला वर पोचलात तरी पुरे, म्हणजे गजर पावणेसहाचा. त्या सव्वा तासाच्या झोपेवर पोरांची दुपार अवलंबून असते.

साडेसहाच का? कारण खरा रंग सूर्य येण्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत असतो. आधी पूर्वेला तांबूस पट्टा, मग डोंगरांच्या कडा एकामागे एक सुट्या होतात, खाली दरीत धुकं साचलेलं असेल तर ते दुधासारखं पांढरं दिसू लागतं. सूर्य वर आला की दहा मिनिटांत डोळे दिपतात. बरीच मंडळी नेमकी तेव्हा धावत येतात. वर बघण्यासाठी तीन चौथरे बांधलेले आहेत, त्यातला पूर्वेकडचा धरा. कानटोपी विसरू नका. १४३९ मीटर उंचीवर, महाबळेश्वरच्या सगळ्यात उंच जागी, वारा थेट कानात शिरतो.

जायचं की नाही, ते दोनदा ठरवायचं. रात्री जेवण झाल्यावर बाहेर येऊन चांदण्या बघा. आभाळ झाकलेलं असेल तर गजर लावूच नका. पहाटे उठल्यावर रस्त्यावरचा दिवा बघा. दिव्याभोवती पांढरं कडं असेल आणि त्याच्या पुढचा दिवा दिसत नसेल, तर आपण ढगाच्या आत आहोत. वरही तेच असण्याचा संभव जास्त. पांघरूण ओढून झोपा, काही बुडालं नाही. पावसाळ्यात तर हा प्रश्नच काढू नये, तेव्हा महाबळेश्वर दिवसेंदिवस ढगातच असतं.

उठलात तर पुढचा दिवस त्याच हिशेबाने लावा. साडेसातला खाली या, पोरांना गरम काहीतरी खाऊ घाला. मग क्षेत्र महाबळेश्वर: पंचगंगेचं देऊळ गर्दीच्या आधी निवांत मिळतं. तोच रस्ता पुढे ऑर्थर सीटला जातो. तो कडा पश्चिमेला कोकणाकडे बघतो, म्हणून सकाळी ऊन आपल्या पाठीमागून सावित्रीच्या दरीवर पडतं आणि कडे स्वच्छ दिसतात. दुपारनंतर तेच ऊन समोरून डोळ्यांत येतं. बाराच्या आसपास परत या, जेवा आणि सगळ्यांनी झोपा, चालकानेसुद्धा. सूर्यास्त सहाच्या सुमारास, तो बघायला चारनंतर उठलात तरी मुंबई पॉइंट गाठता येतो.

पोरं लहान असतील किंवा आई-बाबा बरोबर असतील, तर सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही एकाच दिवशी धरू नका. एक निवडा. मी सूर्यास्त निवडेन, कारण त्यासाठी कुणाची झोप मोडावी लागत नाही. आणि परतीच्या सकाळी कुणी म्हणालं, जाता जाता विल्सन पॉइंट करून घेऊ, तर आधी चालकाला विचारा, दादा, रात्री किती तास झोपलात?