म्हणीवाले आबा

बीड जिल्ह्यात भांडणांनाही हंगाम असतो. मृगाच्या तोंडावर बांधाची भांडणं, कापूस घरात आला की वाटणीची आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या वेळी उचलीची. तिन्ही हंगामांत एक माणूस हमखास कामात असतो, तो म्हणजे गावचे आबा. हे आबा केजकडे आहेत, धारूरकडे आहेत, शिरूर कासारकडेही आहेत. नाव बदलतं, खांद्यावरचं उपरणं तेच. सरकारनं 2007 साली तंटामुक्त गाव मोहीम काढून गावोगाव समित्या नेमल्या, तेव्हा आबांना एवढंच वाटलं की आपली नेमणूक पोचायला जरा उशीर झाला.

आबांचं सगळं भांडवल म्हणजे म्हणी. म्हणी कुणालाही येतात. कोणती नेमकी कधी टाकायची, हे आबांना कळतं. बांधाचंच घ्या. ट्रॅक्टरवाल्यानं नांगरताना फूटभर बांध कोरला आणि दोन चुलतभाऊ खोरी घेऊन समोरासमोर उभे राहिले. आबा आले, पण बोलले नाहीत. धुऱ्यावर बसून तंबाखू मळत राहिले. बांधाच्या भांडणाला ठरलेला रस्ता असतो. आधी जमीन निघते, मग मागच्या साली फिरवलेलं पाणी, मग लग्नात न दिलेला आहेर आणि शेवटी बाप. बाप निघाला की खोरं उचललं जातं. आहेर निघाला तसे आबा उठले आणि म्हणाले, “शब्दानं शब्द वाढतो रे बाबांनो.” दोघंही थांबले. आबा नुसतं “गप बसा” म्हणाले असते, तर आबांशीच तिसरं भांडण लागलं असतं. म्हण मात्र कुणाचीच नसते. तिच्यापुढं माघार घेतली तर भावापुढं घेतली असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यातला थोरला पारावर आला आणि कोर्टात जातो म्हणाला. राग अर्धा उतरला होता. “अति राग, भीक माग” ही म्हण आबा अशा वेळेसाठी राखून ठेवतात, कारण भडकलेल्या माणसाला हिशेब ऐकू येत नाही. आता आबांनी काडीनं मातीत आकडे मांडले. बांध 400 फूट लांब, कोरला 1 फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे गेलं ते गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरासं जास्त. एकरी आठ क्विंटल कापूस धरला तरी त्या तुकड्यात सातेक किलो.

“त्यातली सरकी काढली की रुई किती राहील? दोन उशा भरतील. एक तू घे, एक त्याला दे, अन् निवांत झोपा.”

मग तालुक्याच्या खेपा, वकील आणि मोजणीची फी यांचा हिशेब मांडायला काडीला जागा पुरली नाही. थोरला उठून गेला. संध्याकाळी दोघांनी मिळून दगड रोवले.

घरातल्या भांडणांना आबा फार वेळ देत नाहीत. कापसाला भाव मिळाला नाही म्हणून घरी येऊन भाजीतल्या मिठावरून ओरडणाऱ्याला ते दारातूनच “वड्याचं तेल वांग्यावर” ऐकवतात आणि पुढं जातात. पुढं का जातात, तर ओरडणाऱ्याची बायको त्यांना चहाला थांबवून उरलेली हकिगत सांगते, आणि ती लांबते.

आबांची म्हण चुकताना एकदाच पाहिली. दसरा होऊन गेला होता. मुकादम म्हणत होता, या कोयत्यानं उचल घेतली आणि आता गाडीत बसत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा खाली मान घालून उभा होता. बायको म्हणत होती, मागच्या हंगामाचा हिशेब झालाच नाही. अख्खा हंगाम तोडून फडातून परतलो तरी अंगावरचं फिटलं किती अन् राहिलं किती, कुणी सांगेना. दोन्हीकडचं ऐकून आबांनी सवयीनं म्हण काढली, “एका हातानं टाळी वाजत नसती.”

ती बाई म्हणाली, “टाळी नसंल वाजत आबा, पण थप्पड एकाच हातानं वाजती.”

पारावरची माणसं हसली. आबांनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. म्हण सुचेना, तसं त्यांनी मुकादमाला विचारलं, “वही कुठंय?”

“घरी राहिली.”

“घेऊन ये. आम्ही बसलोत इथंच.”

मुकादम हसला. “जाऊ द्या की आबा. कशाला? शब्दानं शब्द वाढतो.”

“वाढू दे,” आबा म्हणाले.