लेकीकडे गेलेली म्हातारी

भाच्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी डाय कालवला आणि नेमका मावशीचा फोन आला. मावशीचा फोन म्हणजे पाऊण तास. परत आलो तर वाटीतलं पांढरट मलम काळंकुट्ट. म्हटलं, छान मुरलंय! चोपडलं, धुतलं, केस होते तसेच करडे, वाटी मात्र झकास काळी.

वहिनींचं पार्लर आहे. त्या म्हणाल्या, “भावोजी, ही मेंदी नव्हे भिजत घालायला. कालवला की लगेच लावायचा.”

खरंच आहे. जे केसात व्हायचं, ते माझ्या वाटीत उरकलं होतं. केसावर कौलांसारखे खवले असतात आणि आत कॉर्टेक्स नावाचा गाभा. रंग टिकायचा तो गाभ्यातच. पण कौलांमधली वाट इतकी चिंचोळी, की तयार काळा रेणू आपल्या आकारापायी बाहेरच अडतो. म्हणून ट्यूबमध्ये काळा रंग भरतच नाहीत. त्यात असतात पीपीडीसारखे लहानखुरे, जवळजवळ बिनरंगी रेणू. अमोनियामुळे केस फुगतो, खवले उचलले जातात आणि हे आत सरकतात. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडही शिरतं. त्याच्यामुळे पीपीडी शेजारच्या रेणूंचा हात धरतो, दोघा-तिघांचा मिळून एक होतो, आणि रंग दिसतो तो तेव्हा. आता हा गडी आला त्या वाटेने परत जाईल कसा? म्हातारी लेकीकडे गेली वाळकी आणि झाली जाडजूड, तशी गत. तिला भोपळा तरी मिळाला. याला तोही नाही. हे जुळायला वेळ लागतो म्हणून अर्धा तास थांबायचं. घाईने धुतलं, तर न जुळलेली लहान मंडळी पाण्याबरोबर चालती होतात.

‘बिनअमोनिया, सहा-आठ धुण्यांत जाणारा’ रंग असतो, त्यातले पुष्कळसे रेणू मुळातच रंगीत आणि लहान. आत जाऊन कुणाशी जुळत नाहीत. दर न्हाण्याला केस पाण्याने फुगतो आणि हे आल्या वाटेने सटकतात. सगळ्यात लहान आधी, जरा थोराड मागून. केसांची टोकं उन्हाने, कंगव्याने झिजलेली, तिथे कौलंच फुटकी. तिथे लहान रेणू ठरत नाहीत, थोराडच थोडेफार तग धरतात. उलट मुळांशी कौलं घट्ट, तिथे लहानच शिरतात. म्हणून रंग करणारे दोन्ही मापांचे रेणू मिसळतात. पण थोराड म्हणजे टिकाऊ, असंही नाही हं. फारच मोठा असला, तर तो कौलांवरच बसून राहतो आणि पहिल्या शाम्पूला उतरतो.

पुढच्या लग्नाला मी आधी फोन बंद केला, मग ट्यूब उघडली. केस छान काळे झाले. मावशी मात्र रागावली. वाटलं होतं, दोन दिवसांत निवळेल; पण तो राग आत जाऊन चांगलाच मोठा झालेला दिसतो.