मामांसाठी जाहिरातवाचन

नागपूरच्या मामांना पुण्यात जुना फ्लॅट घ्यायचाय. त्यांनी जाहिरात पाठवली: ‘२ बीएचके, ९०० एसबीए, सेमी फर्निश्ड, ७२ लाख निगो.’

मामा, बीएचके म्हणजे बेडरूम, हॉल, किचन. अंगण कुठल्याच अक्षरात नाही. खरी मेख एसबीएत, म्हणजे सुपर बिल्टअप एरियात. तुमच्या खोल्या, भिंती, शिवाय जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमचा वाटा. हे ‘लोडिंग’ चाळीस टक्के धरलं, तर ९०० ला १.४ ने भागा. सतरंजी पसरायला उरतात ६४३ चौरस फूट. आठ हजारांचा दिसणारा दर प्रत्यक्षात अकरा हजार दोनशेला पडतो.

“मंग लिफ्टमध्ये झोपू देतील काय बे?”

२०१६ च्या रेरा कायद्यानं बिल्डरला कार्पेट एरिया सांगायला लावला. जुना फ्लॅट विकणारे गृहस्थ मात्र बिल्डर नसतात, त्यामुळे टेप घेऊनच या. सेमी फर्निश्ड म्हणजे पंखे, ट्यूबलाइट आणि दारातून बाहेर न निघणारं कपाट. आणि निगो. म्हणजे निगोशिएबल, घासाघीस चालेल: जाहिरातीत ७२, मालकाच्या मनात ६८, दलालाच्या मनात दोन टक्के.