आठ हजार सहाशे अठरा माणसं परत द्या

मा. संपादक महोदय,


बीड शहराच्या पाणीटंचाईवरचा आपला अग्रलेख वाचला. त्यात '२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १,३८,०९१' असं छापलंय. आकडा शंभर टक्के सरकारी आहे, फक्त २००१ चा आहे. २०११ चा आकडा १,४६,७०९. म्हणजे एका वाक्यात आपण ८,६१८ बीडकर गायब केले. एवढी तोंडं कमी झाल्यावर टंचाई जरा सैल पडायला हवी होती, पण अग्रलेखात तसं काही दिसलं नाही.

शंका यायला जागा होती. जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ अशी आपण बरोबर दिलीत. २००१ मध्ये ती २१,६१,२५० होती. जिल्ह्यात दहा वर्षांत सव्वाचार लाख माणसं वाढली आणि शहराचा आकडा मात्र जुन्या जनगणनेतल्यासारखाच, शेवटच्या एककापर्यंत! एवढं कडक कुटुंबनियोजन कुणालाच जमलेलं नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका काढा आणि तिच्यातला गाव-शहरनिहाय प्राथमिक जनगणना गोषवारा बघा. घाई करू नका. 'बीड' हे नाव तिथं जिल्हा, तालुका आणि शहर अशा तिन्ही पातळ्यांवर येतं. नगरपरिषदेची ओळ धरा. नाहीतर उद्या अख्ख्या तालुक्याला शहराच्या नळावर उभं कराल.

आता म्हणाल, चकलांब्याच्या माणसाला बीडची एवढी काळजी का? तर आम्हाला मोजणीतून वगळलं जाण्याचा अनुभव आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. या सगळ्या काळात जो घरी नव्हता, त्याला घरी धरायचं नाही, जिथं सापडेल तिथं मोजायचं, असा नियम. आणि फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर असतात. म्हणजे घराला इथं कुलूप, आणि माणूस मोजला गेलाच तर तिकडच्या कोपीत, कारखान्याकडच्या गावाच्या खात्यावर. गोषवारा तंतोतंत खरा असतो, फक्त त्या महिन्यापुरता.

तरी आपण गोषवाऱ्याचाच आकडा छापावा. चुकायचंच असेल तर निदान सरकारबरोबर चुकावं.

आपला,
एक वर्गणीदार
चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड

ता. क. : २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झालाय, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. तेव्हा गावातून किती माणसं बाहेर आहेत हे हवं असेल तर मुकादमाची वही मागा. तिच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तेवढा दोननं गुणाकार आपल्या उपसंपादकाकडून करून घ्या.