तिवस्यात तीन लाख लिटर

मध्यंतरी तिवस्यातल्या एका शाळेत परिपाठ लांबला. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, सुविचारही आटोपला. मग मुख्याध्यापक जलसुरक्षेच्या प्रकल्पवह्यांचा गठ्ठा घेऊन उभे राहिले. पोरांना वाटलं, बक्षिसं आहेत.

सरांनी वरची वही उघडून वाचायला घेतली. विषय छतावरच्या पावसाच्या पाण्याची साठवण. ‘आमच्या घराचे छत १०० चौरस मीटर, वार्षिक पाऊस ३,००० मिलिमीटर, म्हणून जमा होणारे पाणी ३ लाख लिटर.’ दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्या वहीतही तेच.

‘काऊन रे पोट्टेहो,’ सर म्हणाले, ‘तीन हजार मिलिमीटर पाऊस कोकणात पडते. आपल्या इथं आठशेच्या आसपास पडला तरी लोकं पेढे वाटते. आन् वर्गातल्या साऱ्याईचं घर एकाच मापाचं कसं? घरकुलंबी एवढे सारखे नसते!’

मैदान हसलं. मागच्या रांगेतले शिक्षक हसले नाहीत, कारण या प्रत्येक वहीवर त्यांचीच लाल सही होती. चकचकीत मुखपृष्ठ आणि स्केचपेनची नक्षी यांना गुण द्यायचे म्हटल्यावर आतलं वाचायची गरज कुणाला? एका वहीत मजकुराच्या मधोमध ‘अधिक वाचा’ छापून आलं होतं. दुसऱ्या वहीत ‘वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ होतं, पण वर आकृती नव्हती, गणपतीचं चित्र होतं. तरी दोन्ही वह्यांना उत्तम शेरा.

चोरी करू नये, हे नेहमीचं कीर्तन सरांनी लावलंच नाही. एका पोराच्या घरचं टिनाचं छप्पर त्यांनी फळ्यावर काढलं. लांबी ८ मीटर. रुंदी मोजायला टेप उतारावर धरला तर ५.४ मीटर भरते आणि खाली जमिनीवर धरला तर ५. आता क्षेत्रफळ ४३ धरायचं की ४०? मैदान गप्प. ‘पाऊस वरून पडते,’ सर म्हणाले, ‘छप्पर जमिनीवरची जेवढी जागा झाकते, तेवढंच मोजा. चाळीस.’ हा प्रश्न कुठल्याही उतरवलेल्या प्रकल्पात नसतो. टेप हातात घेऊन शिडीखाली उभं राहिल्याशिवाय तो पडतच नाही. शिकणं त्या घोटाळ्यात असतं आणि नक्कल नेमका तोच वगळून थेट निष्कर्षावर उतरवते.

पुढचं गणित सोपं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४० गुणिले ८०० म्हणजे ३२,००० लिटर. उडालेलं, सांडलेलं आणि पहिल्या पावसात धूळ-विष्ठेसकट सोडून द्यायचं पाणी वजा केलं, तर हाती २५ हजारांच्या आसपास. पाच माणसांच्या घराला रोज दोनशे लिटर धरले तर चार महिन्यांचं पाणी. पण ते पडतं पावसाळ्यात आणि टंचाई उन्हाळ्यात. तोवर साठवायला एवढी टाकी कोण बांधणार? मग पन्हाळीचा पाइप वाळू-गिट्टीच्या गाळणीतून अंगणातल्या विहिरीकडे वळवायचा. ज्याच्या अंगणात विहीर नाही, त्याचा निष्कर्ष वेगळा. कोकणातल्या तीन लाखांच्या हिशेबानं टाकी बांधली असती, तर ती कधीच भरली नसती आणि बापानं पोराच्या वहीला नाही, पोराला धरलं असतं.

माझा एवढाच आक्षेप की हे भाषण मैदानाकडे तोंड करून झालं, शिक्षक-खोलीकडे नाही. सगळ्यांना एकच विषय, आठवड्याची मुदत आणि ‘टाइप केलेलं आणा’ अशी सूचना दिली की पोरगं झेरॉक्सच्या दुकानातच जाणार. तिथं तयार प्रकल्प मिळतो, रंगीत हवा तर पैसे जास्त. इंटरनेटवरून माहिती घेण्यातही पाप नाही. गाळणीत खाली काय आणि वर काय घालायचं, हे वाचूनच कळेल. ‘निरीक्षणे’ या मथळ्याखाली मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं कसं चालेल?

सरांनी शेवटी फर्मान काढलं. प्रकल्प हातानं लिहायचा, माप स्वतःच्या घराचं, पावसाचा आकडा आपल्या महसूल मंडळाचा, आणि छप्पर कुणी मोजलं, शिडी कुणी धरली तेही लिहायचं. वर्गशिक्षकांनी दर वर्गातली पाच घरं प्रत्यक्ष जाऊन टेपानं पडताळायची. हे ऐकून मात्र मागची रांग अस्वस्थ झाली.

चौथ्या दिवशी झेरॉक्सवाल्यानं सरांना रस्त्यात गाठलं. धंद्याला माणूस चोख. म्हणाला, ‘सर, तीस, चाळीस आन् साठ मीटरचे तिवस्याचे प्रकल्प तयार करून ठेवले, हातानं लिहिलेले. फक्त एवढं सांगा, छत टिनाचं टाकू का सिलॅपचं?’