‘सारखा वाटा’ या संदेशाला उत्तर देण्याची शास्त्रोक्त पद्धत

चुलतभावाचा ‘काकूंच्या देखभालीचा खर्च सर्व भावंडांनी सारखा वाटून घ्यावा’ हा संदेश कौटुंबिक गटावर पडला, की पहिली रात्र काहीही टाइप करू नये. नमस्काराचे हातही टाकू नयेत. हात जोडले म्हणजे मान्य केलं, असं पुढे दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. त्या रात्रीत दोन गोष्टी तपासाव्यात. एक, रोज पहाटे गुलाबाची फुलं पाठवणारी आई त्याच गटात आहे का? असल्यास हिशेबासाठी तिला वगळून नवा गट काढू नये. पैसा तिच्यासाठी आहे, तेव्हा आकडे तिलाही दिसू द्यावेत. दोन, सूचना करणाऱ्याच्या स्वतःच्या वाट्याला किती येतात? चुलतभावाच्या बाबतीत शून्य. हे लक्षात येताच एक झणझणीत वाक्य सुचेल, पण ते लिहू नये. सूचना कोणी केली यावरून ती चूक ठरत नाही, आणि या सूचनेत एक खरा गुण आहे: सारख्या वाटणीत कुणाला पगाराची पावती दाखवावी लागत नाही. चारही भावंडं परगावी असतील आणि त्यांची मिळकत साधारण सारखी असेल, तर उत्तर ‘मान्य’ एवढंच द्यावं आणि हे मार्गदर्शन इथेच मिटावं.

बहुतेक घरं मात्र अशी नसतात. समजा, आई सोलापुरात थोरल्याकडे आहे. मांडीचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला आहे. दिवसभराच्या मावशी 12,000, औषधं आणि डॉक्टर 5,000, डायपर 3,000, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट 2,000, खाणं-दूध-वीज 4,000, असा महिन्याला 26,000 रुपये खर्च धरू. वडिलांमागे तिला मिळणारं निवृत्तिवेतन 8,000. पहिली वजाबाकी इथेच करायची, कारण मुलांची वाटणी आईचं स्वतःचं उत्पन्न संपतं तिथून सुरू होते. 1956च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचीही हीच रीत आहे: आई-वडील आपल्या मिळकतीतून स्वतःला पोसू शकत नसतील, तेवढ्यापुरती मुलांची जबाबदारी, आणि ती मुलगा-मुलगी दोघांचीही. उरले 18,000. भागिले चार, प्रत्येकी साडेचार हजार. चुलतभावाचं गणित इथे थांबतं, आणि ते बिनचूक दिसतं.

पण मावशी संध्याकाळी घरी जातात. रात्री कूस बदलणं, ओलं झालेलं बदलणं, तीन वाजता पाणी देणं हे थोरली वहिनी करते, आणि या कामाचं बिल येत नाही म्हणून ते खर्चात दिसत नाही. त्याची किंमत काढायला अर्थशास्त्र लागत नाही. वहिनी आठवडाभर माहेरी गेली, की रात्रपाळीची बाई शोधावी लागते आणि ती काय मागते ते कळतं. दिवसाइतकेच, म्हणजे महिन्याला 12,000 धरू. मग खरा खर्च 38,000 आणि आईचे आठ वजा जाता वाटायचे ते 30,000. या हिशेबात सारख्या वाटणीने थोरल्याच्या घरावर 16,500 पडतात, साडेचार रोख आणि बारा जागरणाचे. ‘समान’ या शब्दाचा हा सोलापुरी भाव झाला.

आता कुवत पाहू. घरखर्च, मुलांच्या फिया आणि राहत्या घराचा हप्ता जाऊन पुण्याच्या भावाकडे महिन्याला 40,000 उरतात, पंढरपूरच्या शिक्षिका बहिणीकडे 15,000, टॉवेलच्या धंद्यातल्या थोरल्याकडे 5,000. बार्शीच्या बहिणीचं स्वतःचं उत्पन्न काहीच नाही. एकूण 60,000. गरज 30,000, म्हणजे प्रत्येकाच्या शिलकीचा बरोबर निम्मा भाग. पुण्याचे 20,000, पंढरपूरचे 7,500, थोरल्याचे 2,500 आणि बार्शीचे शून्य. थोरल्याकडून रात्रीचं काम बारा हजारांचं होतंय, म्हणून त्याला उलट 9,500 येणं निघतं. दोघांचे मिळून आलेले 27,500 घ्यावेत, 18,000 खर्चाला द्यावेत आणि 9,500 थोरलीच्या खात्यावर टाकावेत. थोरल्याच्या नव्हे, थोरलीच्या.

यावर पुण्याहून, बहुधा हुतात्मा एक्स्प्रेसमधून, उत्तर येईल: जास्त कमावतो ही माझी शिक्षा का? शिक्षा नाही, कारण प्रत्येकजण शिलकीचा निम्माच भाग देतोय आणि राहत्या घराचा हप्ता आपण आधीच वगळला आहे. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता मात्र वगळायचा नाही. तो खर्च नसून बचत आहे, हे नम्रपणे, पण एकदाच लिहावं. पगार सांगायचा नसेल तर सांगू नये, शिलकीचा आकडा स्वतःच ठरवून द्यावा. कुणी तो थोडा कमी सांगेल, हे खरं आहे. तरीही बार्शीकडून 40,000वाल्याइतकेच पैसे घेण्यापेक्षा ही चूक लहान आहे.

बार्शीबद्दल आक्षेप येईलच: ‘तिच्या मिस्टरांचं चांगलं चाललंय की!’ इथे कल्याणच्या डॉ. विजया अरबट यांचा खटला सांगावा. त्यांच्याकडे वडिलांनी महिना 500 रुपये पोटगी मागितली होती. लग्न झालेली मुलगीही जबाबदार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली दिला. त्यामुळे ‘ती परक्या घरची’ हे म्हणणं संपलं. पण त्याच निकालात हेही आहे की, नवऱ्याच्या उत्पन्नापासून वेगळं, तिचं स्वतःचं पुरेसं साधन असलं पाहिजे. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, दुसरं गटावर टाकावं लागतं. बार्शीकरीण महिन्यातले चार दिवस येऊन राहिली, तर त्या रात्री तिच्या नावावर मांडाव्यात.

सगळ्यात वजनदार आक्षेप घराचा. आईच्या नावावरचं घर इच्छापत्र नसल्यास मुलगे-मुली सारखं वाटून घेणार, मग खर्च वेगळा का? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण घर उद्याचं आहे, डायपर आजचे. उपाय असा की, कोणी किती दिलं, किती रात्री काढल्या, याची वही ठेवावी आणि त्या वहीचं पुढे काय करायचं, हे आईने शुद्धीत असताना इच्छापत्रात सांगावं. खर्चाच्या बदल्यात बहिणींकडून हक्कसोडपत्र मागण्याची कल्पना कुणी काढलीच, तर दोन्ही विषय वेगळे ठेवावेत.

2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची धमकी कोणीही देऊ नये. प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाला महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयेच मंजूर करता येतात, म्हणजे वरच्या 30,000चा तिसरा हिस्सा. प्रांतसाहेब रात्री कूस बदलायला येत नाहीत.

आता उत्तर लिहावं, ते असं: ‘दादा, तू विषय काढलास हे बरं झालं. सगळ्यांनी उचलायचं हे मान्य. सारखं उचलायचं हे मान्य नाही. आईचे आठ हजार वजा करून आणि वहिनीच्या रात्री धरून हिशेब खाली देतोय. ज्याला आकडा चुकीचा वाटेल त्याने दुसरा आकडा सांगावा. वर्षातून एकदा, गड्ड्याच्या यात्रेला सगळे जमतील तेव्हा, हिशेब पुन्हा मांडू.’ खाली वहिनीचा खाते क्रमांक द्यावा. मावशींचा पगार पाच तारखेला असतो, तेव्हा पैसे चार तारखेपर्यंत पोचले पाहिजेत.